पाण्याची टाकी : फेब्रुवारी ते जूनचे वेळापत्रक

पिंपळनेरसारख्या गावात पांझरेच्या काठी राहूनही उन्हाळ्यात नळ रोज येईलच असे नाही. पाणी साठवावे लागते आणि साठवलेले पाणी बिघडते. म्हणून घरची टाकी वर्षातून दोनदा धुवावी असे मी सांगत असतो. पहिली धुलाई फेब्रुवारीत, म्हणजे टंचाई सुरू होण्यापूर्वी, आणि दुसरी मेअखेरीस, पावसाच्या आधी.

अनेक घरांत गाळ तसाच ठेवून वरून टीसीएल पावडर टाकली जाते. ती पावडर गाळातच खर्ची पडते, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी घासणे, मग पावडर हा क्रम मोडू नये.

उदाहरणादाखल चार फूट लांब, तीन फूट रुंद व तीन फूट उंच टाकी घेऊ. गुणाकार 36 घनफूट होतो. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावते, म्हणजे ही टाकी हजार लिटरची झाली. पाणी तळाशी आले की गाळ काढा आणि भिंती ताठ ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासांची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात व कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसते पाणी ओतून देऊन ती जात नाहीत.

नंतर प्लॅस्टिकच्या बादलीत 10 लिटर पाणी घेऊन त्यात 6 ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा, ताजी पावडर कालवा. चुना खाली बसू द्या. वरच्या निवळीने भिंती पुसून अर्धा तास थांबा आणि मग धुऊन टाका. नाकाला फडके बांधा. पावडरीत अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरू नका. झाकण आधी बराच वेळ उघडे ठेवा.

मार्च ते मे या काळात टिपाड, रांजण व माठ आठवड्यातून एक दिवस घासून कोरडे करा. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्याआधीच साखळी तुटते.

मेअखेरच्या धुलाईत झाकणाची फट बुजवा आणि हवेच्या नळीला बारीक जाळी बांधा. नळजोडणी गटारातून जात असेल तर ती वर घ्या. नळ बंद असताना रिकामी वाहिनी फटीतून गटाराचे पाणी ओढून घेते.

जूनमध्ये गढूळ पाणी आले तर आधी तुरटी फिरवून ते निवळू द्या. मग हजार लिटरला 5 ग्रॅम पावडरीची निवळी घाला व अर्ध्या तासानंतरच पाणी वापरा. क्लोरीनचा किंचितही वास नसेल तर पावडर जुनी झाली असावी. उघड्या पिशवीतील पावडर लवकर निकामी होते. शंका असेल तेव्हा पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.