स्कूलेबेर्येत: समुद्रातून वर आलेला डोंगर

स्वीडनच्या होगा कुस्टेन किनाऱ्यावरचा स्कूलेबेर्येत हा डोंगर जेमतेम 295 मीटर उंच आहे. तरी माथ्याच्या थोडं खाली, 286 मीटरवर, नक्की थांबा. सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वी इथलं बर्फ हटलं, तेव्हा समुद्राची लाट या रेषेवर आपटत होती आणि माथा म्हणजे पाण्यात उरलेलं एक छोटंसं बेट होतं.

ही रेषा ओळखायला भिंग लागत नाही. तिच्या खाली लाटांनी माती धुऊन नेल्यामुळे उघडा कातळ दिसतो, नाहीतर गोल गोटे, ज्यांच्या फटींत माती सापडत नाही. तिच्या वर हिमनदीने टाकलेला गाळ तसाच आहे: चिखल, वाळू आणि कोनदार दगड एकत्र, आणि त्यावर झाडी. म्हणून आसपासच्या उंच टेकड्यांच्या डोक्यावर रानाची टोपी दिसते. एकटादुकटा मोठा धोंडा मात्र पुरावा धरू नका. बर्फ तो कुठल्याही उंचीवर सोडून जातं.

डोंगर वर आला तो भार उतरल्यामुळे. इथे सुमारे तीन किलोमीटर जाडीचं बर्फ होतं. बर्फाची घनता 0.9, खालच्या प्रावरणाची 3.3, म्हणजे तीन किलोमीटर बर्फाने जमीन सुमारे 800 मीटर दाबली जाणार. त्यातली बरीच उभारी बर्फ पातळ होत असतानाच, त्याच्याखाली होऊन गेली. तिची खूण किनाऱ्यावर उरली नाही. शिवाय नंतर समुद्राची पातळीही वाढली. म्हणून 286 हा आकडा पूर्ण उभारीपेक्षा बराच कमी आहे. प्रावरणाचा खडक घन असूनही हजारो वर्षांत अतिशय सावकाश वाहतो, त्यामुळे बाजूला सरलेला खडक अजून परत येतो आहे आणि हा किनारा वर्षाला सुमारे आठ मिलिमीटर चढतो आहे.

या समतोलाला आयसोस्टसी, मराठीत समस्थायित्व, म्हणतात. माल उतरवला की होडी वर येते, तसाच हा प्रकार. पर्वतांचं जमिनीखालचं मूळही यातूनच येतं. भारतातल्या सर्वेक्षणात हिमालयाने ओळंबा अपेक्षेपेक्षा फारच कमी ओढला, तेव्हा 1855 मध्ये जॉर्ज एअरी यांनी सांगितलं की पर्वताखाली हलक्या कवचाचं खोल मूळ असणार. कवचाची घनता 2.8 धरली, तर वरच्या दर किलोमीटरला खाली साडेपाच किलोमीटरहून जास्त मूळ लागतं. पाच किलोमीटर उंच तिबेटखाली सुमारे 28 किलोमीटर मूळ हवं. नेहमीच्या 35 ते 40 किलोमीटर कवचात ते आणि वरची पाच किलोमीटर उंची मिळवली की 70 च्या आसपास आकडा येतो. भूकंपलहरींनी मोजलेली जाडीही सुमारे 70 किलोमीटर आहे.

जायचं तर जून ते सप्टेंबर. शेजारच्या स्कूलेस्कूगेन राष्ट्रीय उद्यानातही जुन्या किनाऱ्यांचे गोटे आहेत. ओल्या गोट्यांवरून चालू नका, ते पायाखाली फिरतात. त्यांवरचं दगडफूल वाढायला फार काळ लागतो, म्हणून कोरडे असले तरी वाट सोडू नका.