बोअरवेलसाठी कोणता पंप?

प्रश्न : मीरा रोडच्या आमच्या चार मजली सोसायटीत बोअरवेलचं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आहे. मोनोब्लॉक घ्यावा की सबमर्सिबल?

उत्तर : सबमर्सिबलच घ्या. मोनोब्लॉक जेमतेम सात मीटर खोलीवरून पाणी ओढतो. तो जमिनीखालच्या टाकीसाठी ठीक. समजा, मे महिन्यात पंप चालू असताना पाणी ३० मीटरवर जातं, गच्चीवरची टाकी १८ मीटर उंचीवर आहे आणि पाइपातल्या घर्षणाचे ५ मीटर धरले, तर एकूण हेड ५३ मीटर. खोक्यावरचं कमाल हेड पाहून पंप घेऊ नका. त्या हेडला पाणी येतच नाही. कंपनीच्या तक्त्यात ५३ मीटरला ताशी ३५०० लिटर देणारा पंप शोधा. साधारण दीड हॉर्सपॉवर पुरते. जवळपास सर्व्हिस सेंटर आणि सुटे भाग आहेत का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.