बुलेट जोडले म्हणजे अहवाल होत नाही

भिलाईत कारखान्यांच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका छोट्या कंपनीत ग्राहकाकडे जाणारे अहवाल माझ्या हाताखालून जातात. सभेत छान रंगलेले प्रेझेंटेशन कागदावर कुठे फसते, ते मी तिथे पाहिले.

एका मोठ्या पंख्याच्या दुरुस्तीची स्लाइड होती. तिच्यावर चार बुलेट होते: बेअरिंगचे तापमान ८२ अंश, ग्रीस बदलले, अलाइनमेंट केले, तापमान ६४ अंश. सहकाऱ्याने त्यांचे एक वाक्य केले: 'ग्रीस बदलून अलाइनमेंट केल्यामुळे तापमान उतरले.' ग्राहकाने अहवाल परत पाठवला. त्याचा प्रश्न साधा होता. पुढच्या वेळी नुसते ग्रीस बदलून भागेल का?

याचे उत्तर स्लाइडवर नव्हते. सभेत ते तोंडी सांगितले गेले होते. फिटरच्या लॉगबुकात मात्र सापडले. नव्या ग्रीसने तापमान आधी थोडे चढले, मग ७९ वर स्थिरावले. ६४ वर आले ते अलाइनमेंटनंतर, पंख्यावरचा भार तेवढाच असताना. मग परिच्छेद असा झाला: 'ग्रीस बदलल्याने तापमान तीनच अंशांनी उतरले. उरलेली घट अलाइनमेंटनंतर झाली. म्हणून मुख्य कारण अलाइनमेंटचा दोष असावे.'

बुलेटमध्ये आधी काय, नंतर काय, कशामुळे काय, हे लिहिलेले नसते. ते आपल्या मनाने भरू नका. बोलणाऱ्याला विचारा, स्लाइडखालच्या नोट्स वाचा, मूळ नोंद काढा. तरीही दुवा सापडला नाही, तर 'दोन्ही कामे झाली. कशाचा किती परिणाम, ते तपासलेले नाही' असे सरळ लिहा.

कोलंबिया यानाच्या २००३ च्या अपघाताची चौकशी करणाऱ्या मंडळानेही तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइड वापरण्याच्या सवयीवर बोट ठेवले होते. अहवालात दाखवलेल्या एका स्लाइडवर यानावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याचा अंदाज १९२० घन इंचांचा होता, तर चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता. हा फरक त्या स्लाइडच्या अगदी तळाशी, खालच्या पातळीच्या बुलेटमध्ये होता.

शीर्षके स्लाइडच्या क्रमाने देऊ नका. आम्ही १ निष्कर्ष, २ यंत्राची स्थिती, ३ केलेले काम, ४ मोजमापे, ५ शिफारस असा क्रम ठेवतो. सुट्ट्या भागांची यादी मात्र यादीच राहू द्यावी.

वर्डमध्ये शीर्षकांचे क्रमांक हाताने टाइप करू नका. Heading 1 आणि Heading 2 या स्टाइल Multilevel List ला जोडा. मजकुरातला '४.२ पहा' हा उल्लेख Cross-reference ने घाला. मधला विभाग काढला, की Ctrl+A आणि F9 दाबून उल्लेख व अनुक्रमणिका अद्ययावत करा.

शेवटी सभेला नसलेल्या माणसाला अहवाल वाचायला द्या. त्याला 'हे कशामुळे?' असे विचारावे लागले, तर तो परिच्छेद अजून बुलेटच आहे.