अवास्तव स्वस्त किंमत कशी ओळखावी? : हळद पावडरीचे उदाहरण

उद्दिष्ट : या उपघटकाच्या अभ्यासानंतर ऑनलाइन बाजारातील एखाद्या वस्तूची किमान संभाव्य किंमत आपणांस स्वतः काढता येईल.

विषय-विवेचन

ऑनलाइन जाहिरातीत बहुधा दोन किमती असतात : एक रेघ मारून खोडलेली आणि दुसरी ठळक. खोडलेली किंमत विक्रेत्यानेच लिहिलेली असल्यामुळे तिच्याशी केलेली तुलना वस्तूच्या अस्सलपणाविषयी काहीच सांगत नाही. तुलना कच्च्या मालाच्या भावाशी करावी. हिंगोली जिल्ह्यातील वाचकास हळदीच्या बाबतीत हे सहज शक्य आहे. कारण हिंगोली व वसमत येथील हळदीच्या लिलावांचे भाव रोज प्रसिद्ध होतात.

समजा, हळकुंडांचा भाव क्विंटलला 14,000 रुपये, म्हणजे किलोला 140 रुपये आहे. स्वच्छता व दळणातील घट पाच टक्के धरल्यास एक किलो पावडरीसाठी सुमारे 147 रुपयांची हळकुंडे लागतात. आता 'अस्सल वसमत हळद, 1 किलो, 599 ऐवजी 110 रुपये, घरपोच मोफत' अशी जाहिरात पाहू. पोहोचविण्याचा खर्च 40 आणि दळण व पाकीट यांचा 20 रुपये धरला, तर मालासाठी उरतात 50 रुपये. कर आणि संकेतस्थळाचे कमिशन अद्याप वजा केलेले नाही. 147 रुपयांचा माल 50 रुपयांत बसत नाही; अर्थात पाकिटात निव्वळ हळद नसण्याची शक्यता बळावते. पिष्ठ, अर्क काढून घेतलेल्या हळदीचा चोथा किंवा कृत्रिम पिवळा रंग यांनी ही तफावत भरून काढली जाते.

तथापि किंमत हा संकेत आहे, पुरावा नव्हे. जुना साठा संपविण्यासाठी किंवा नवे ग्राहक मिळविण्यासाठी कोणी तोट्यातही विकतो. म्हणून पुढे निव्वळ वजन, घटकपदार्थांची यादी, उत्पादकाचा पूर्ण पत्ता आणि अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक पाहावा. पुष्कळदा शीर्षकात 'किलो' आणि तपशिलात '250 ग्रॅम' असते. माल आल्यावर ग्लासभर पाण्यात चमचाभर पावडर न ढवळता टाकावी. शुद्ध हळद तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे राहते; कृत्रिम रंग असल्यास पाणी गडद पिवळे होते. मात्र पिष्ठाची किंवा चोथ्याची भेसळ या चाचणीत कळेलच असे नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

मोबाइलसारख्या वस्तूला कच्च्या मालाचा भाव लावता येत नाही. तेथे अधिकृत विक्रेत्याची किंमत आधार मानावी आणि तपशिलात 'नूतनीकृत' किंवा 'रिफर्बिश्ड' हा शब्द शोधावा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

हळकुंडांचा भाव क्विंटलला 16,000 रुपये आहे. अर्धा किलो पावडर 90 रुपयांत घरपोच मिळते. पोहोच खर्च 40 आणि इतर खर्च 10 रुपये धरून ही किंमत संभाव्य आहे काय, ते सकारण लिहा.