पाठ: भाड्याच्या घराची जाहिरात कशी वाचावी?

नोकरीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बेंगळुरूत घर शोधताना अशी जाहिरात हमखास दिसते. पुढील जाहिरात व त्यातील आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत.

“चामराजपेटच्या प्राइम लोकेशनमध्ये आलिशान, हवेशीर २ बीएचके. ९०० चौ. फूट. २४ तास पाणी. मेट्रो हाकेच्या अंतरावर. भाडे फक्त १८,००० रु.”

यात पडताळून पाहता येतील असे आकडे दोनच आहेत, भाडे आणि क्षेत्रफळ. बाकीचे शब्द कुठल्याही घराला लावता येतात. म्हणून प्रत्येक विशेषणाला एक प्रश्न विचारा आणि त्याचे उत्तर वहीत लिहा.

‘प्राइम लोकेशन’ म्हणजे कोणता मेन आणि कोणता क्रॉस? चामराजपेट ही १८९२ मध्ये आखून वसवलेली जुनी पेठ आहे. तिच्या आतल्या एखाद्या क्रॉसवरचे घर आणि म्हैसूर रस्त्याच्या उड्डाणपुलाजवळचे घर यांत आवाजाचा व धुळीचा मोठा फरक पडतो.

‘हाकेच्या अंतरावर’ म्हणजे किती मिनिटे? घराच्या दारापासून कृष्णराजेंद्र मार्केट मेट्रो स्थानकापर्यंत स्वतः चालून घड्याळ पाहा, आणि तेही कामावर जायच्या गर्दीच्या वेळी.

‘२४ तास पाणी’ म्हणजे कोणते पाणी? नळ उघडल्यावर पाणी येते, कारण गच्चीवरची टाकी भरलेली असते. जमिनीखालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, कावेरीचे पाणी कोणत्या दिवशी आणि किती वेळ येते, बोअरवेल आहे का, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का आणि त्याचे पैसे कोण देतो, हे विचारा. घरमालकाबरोबरच शेजारच्या भाडेकरूलाही विचारा.

‘हवेशीर’ शब्दाची परीक्षा सोपी आहे. दुपारी जा, सगळे दिवे बंद करायला सांगा आणि प्रत्येक खोलीत उभे राहून वर्तमानपत्र वाचता येते का पाहा. ९०० चौ. फुटांत जिना आणि भिंतीही मोजल्या असू शकतात. खोल्या टेपने आतून मोजा.

आता तीच जाहिरात, पाहून आल्यावर:

“चामराजपेट, आतल्या क्रॉसवर दुसरा मजला, लिफ्ट नाही. दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. आतून ६४० चौ. फूट. मधल्या खोलीत दिवसाही दिवा लागतो. कावेरीचे पाणी दिवसाआड, उन्हाळ्यात टँकर. मेट्रो चालत १४ मिनिटे. भाडे १८,००० रु., देखभाल १,५०० रु. वेगळी, अ‍ॅडव्हान्स १० महिन्यांचा, घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापणार.”

ही जाहिरात वाचून हिशेब मांडता येतो. दोन वर्षे राहायचे आहे असे धरू. १,८०,००० रु. अ‍ॅडव्हान्स घरमालकाकडे बिनव्याजी राहतो. मुदत ठेवीचा दर ६ टक्के धरला तर महिन्याला ९०० रु. व्याज बुडते. रंगकामाचे १८,००० रु. चोवीस महिन्यांवर वाटले की ७५० रु. होतात. टँकरचा वर्षाचा खर्च महिन्यावर वाटून ६०० रु. धरू. भाडे आणि देखभाल मिळवली की एकूण २१,७५० रु. होतात.

जवळच्याच दुसऱ्या घराची जाहिरात साधी आहे. भाडे १९,५०० रु., देखभाल त्यातच. अ‍ॅडव्हान्स ९०,००० रु., म्हणजे बुडणारे व्याज महिना ४५० रु. टँकर लागत नाही, रंगकामाची कपात नाही. एकूण १९,९५० रु. ‘फक्त १८,०००’ चे घर दर महिन्याला १,८०० रु. महाग पडले, दोन वर्षांत ४३,२०० रु.

अ‍ॅडव्हान्स कमी करून मागायला संकोच करू नका. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. हा कायदा म्हणजे राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्याशिवाय तो बंधनकारक नाही, पण बोलणी करताना त्याचा दाखला देता येतो.

जाहिरातीतला किंवा दलालाने तोंडी दिलेला शब्द घर सोडताना सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून देखभाल, टँकरचा खर्च, रंगकामाची कपात आणि अ‍ॅडव्हान्स किती दिवसांत परत मिळेल, या चार गोष्टी भाडेकरारात लिहून घ्या. अ‍ॅडव्हान्स रोख न देता बँकेतून द्या, म्हणजे पासबुकात नोंद राहील.

करून पाहा: आवडलेली एक जाहिरात घ्या. तिच्यातली सर्व विशेषणे खोडा. उरलेल्या मजकुरावरून महिन्याचा एकूण खर्च काढता येतो का? येत नसेल, तर जे आकडे कमी पडले त्यांची यादी करा. घर पाहायला जाताना ती बरोबर न्या.