पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी

चि. ओंकार,



काल तुझ्या आईचा फोन आला. तू पासपोर्टचा अर्ज भरणार आहेस आणि आधारवर कराडचा पत्ता आहे म्हणून अर्जातही तोच टाकणार आहेस, असं ती म्हणाली. पोलीस ठाण्यात असताना पासपोर्ट पडताळणीची कामं मी बरीच केली आहेत, म्हणून लगेच लिहायला बसलो. कराडचा पत्ता टाकू नकोस.

अर्जात Present Address विचारतात. तू आज जिथे राहतोस आणि पोलीस आले तर जिथे सापडशील, तो पत्ता तिथे हवा. तुझ्या बाबतीत ती वाकडची खोली. अर्ज हल्ली देशातल्या कुठल्याही पासपोर्ट केंद्रात देता येतो, पण पडताळणी अर्जातल्या पत्त्यावरच होते आणि पासपोर्टही तिथेच येतो. कराडला हवालदार गेला आणि शेजाऱ्यांनी सरळ मनाने सांगितलं की 'तो पुण्याला नोकरीला असतो', तर 'अर्जदार पत्त्यावर राहत नाही' असा शेरा पडेल. त्यात हवालदाराची चूक नाही, त्याला दिसलं ते तो लिहिणार. मग पासपोर्ट अडकतो आणि खुलासा देऊन पुन्हा पडताळणी मागायला पासपोर्ट कार्यालयाच्या खेपा सुरू होतात. कराडचा पत्ता कायमचा पत्ता म्हणून दे, त्याची जागा अर्जात वेगळी आहे. वाकडला येऊन तुला वर्ष झालेलं नसेल, तर आधीच्या पत्त्यावरही चौकशी जाऊ शकते. म्हणून घरी तशी कल्पना देऊन ठेव.

वाकडच्या पत्त्याला पुरावा लागेल. भाडेकरार नोंदणीकृत असेल तर तो चालतो. नुसता नोटरी केलेला असेल तर त्यावर विसंबू नकोस, घरमालकाला नोंदणी करून द्यायला सांग. नाहीतर आधारवरचा पत्ता वाकडचा करून घे, किंवा बँकेचं फोटो असलेलं चालू खात्याचं पासबुक त्या पत्त्याचं करून घे. पुराव्यावर विंग आणि फ्लॅट नंबर जसा असेल तसाच अर्जात उतरव. पत्त्याखाली पोलीस ठाणंही निवडावं लागतं, तिथे घाई करू नकोस. वाकड ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं, पुणे शहरात नाही. चुकीचं ठाणं निवडलंस तर कागद भलत्याच टेबलावर पडून राहतो आणि तू मात्र फोनची वाट बघत बसतोस.

आता नावाचं. दहावीच्या प्रमाणपत्रावर आपल्या बोर्डात आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. त्याने बिघडत नाही. अर्जात Surname मध्ये फक्त पवार आणि Given Name मध्ये तुझं व वडिलांचं नाव भर. स्पेलिंग मात्र दोन्हीकडे अक्षरन् अक्षर जुळायला हवं. आधारवर Omkar आणि दहावीवर Onkar असेल, तर अर्जाआधी आधार दहावीप्रमाणे दुरुस्त करून घे. दहावीचं प्रमाणपत्र जन्मतारखेसाठी चालतं, शिवाय ते दाखवलं की काही देशांत नोकरीला जाताना लागणाऱ्या सरकारी परवानगीचा शिक्काही तुझ्या पासपोर्टवर येत नाही.

अर्ज passportindia.gov.in वरच भर. त्या नावासारखी दिसणारी, जादा पैसे उकळणारी संकेतस्थळं बरीच आहेत. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे. 'तत्काळ'चे वरचे २००० घालायची तुला गरज नाही, परदेशी जायची तारीख कुठे ठरली आहे? भेटीच्या दिवशी मूळ कागद आणि सही केलेल्या झेरॉक्स ने. फोटो आणि बोटांचे ठसे तिथेच घेतात.

अर्जात गुन्ह्याविषयी प्रश्न आहेत. कॉलेजच्या त्या आंदोलनात तुमच्यापैकी काहींवर गुन्हा नोंदला होता, हे मला आठवतं. तुझं नाव त्यात होतं का आणि खटला कोर्टात चालू आहे का, हे वकिलाकडून आधी पक्कं कर. चालू असेल तर कोर्टाची परवानगी आणून पासपोर्ट मिळू शकतो. लपवलंस तर पोलिसांच्या नोंदीत ते निघेलच, आणि खोटी माहिती देणं हा पासपोर्ट कायद्याच्या बाराव्या कलमाखाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पडताळणीसाठी फोन येईल तेव्हा अनोळखी नंबर म्हणून कापू नकोस. घरमालकाला आणि शेजारच्या दोघांना आधीच सांगून ठेव, त्यांना तुझ्याबद्दल विचारलं जाऊ शकतं. मूळ कागद हाताशी असू दे. पडताळणीची वेगळी फी नसते. कोणी चहापाण्याचे मागितले तर देऊ नकोस, नाव आणि ठाणं लिहून घे आणि मला कळव.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो आणि पोस्टमन तो ओळखपत्र पाहून तुझ्याच हातात देतो. तेव्हा त्या आठवड्यात गावी यायचा बेत ठेवू नकोस.

तुझा,
मामा