ओटीपी जुन्या मोबाईलवर जातो आहे? आयकर खात्यात असा प्रवेश मिळवा

समजा, बडोद्यातील एका निवृत्त शिक्षिकेला मुदत ठेवींवर वर्षाला 1,20,000 रुपये व्याज मिळाले आणि बँकेने त्यावर 10 टक्के दराने 12,000 रुपये टीडीएस कापला. त्यांचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत आहे. म्हणजे हे 12,000 रुपये त्यांचेच आहेत, पण ते परत मिळवायचे तर आयकर विवरणपत्र भरावे लागेल. त्या पोर्टलवर गेल्या, पासवर्ड आठवला नाही म्हणून Forgot Password दाबले, आणि ओटीपी गेला चार वर्षांपूर्वी बंद केलेल्या सिमवर. आता काय करायचे?

आधी हे पाहा: ओटीपी पाठवतो कोण?

एकाच माणसाचा मोबाईल क्रमांक तीन वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेला असतो: आयकर पोर्टलवर, आधारमध्ये आणि बँकेत. एका ठिकाणी बदल केला म्हणून तो दुसरीकडे आपोआप होत नाही. म्हणून पोर्टलवरचा क्रमांक जुना असला, तरी उरलेल्या दोहोंपैकी एक चालू असेल तर त्या वाटेने आत जाता येते.

कधी कधी पोर्टलवरचा क्रमांक आपला कधीच नसतो. खाते उघडून देणाऱ्या एजंटाने किंवा करसल्लागाराने स्वतःचा क्रमांक टाकलेला असतो. तसे असेल तर आधी त्यांनाच विचारा.

पहिली वाट: आधारचा ओटीपी

Forgot Password मध्ये पॅन टाकल्यावर आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागवण्याचा पर्याय येतो. तो निवडा आणि नवा पासवर्ड ठरवा. यासाठी पॅन आणि आधार एकमेकांशी जोडलेले हवेत. आधारमध्ये कोणता क्रमांक आहे हे आठवत नसेल, तर आधारच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक तपासण्याची सोय वापरा. तेथे नोंदलेल्या मोबाईलचे शेवटचे तीन आकडे दिसतात.

दुसरी वाट: नेट बँकिंग

आधारमध्येही जुनाच क्रमांक असेल, तर लॉगिनच्या पानावर नेट बँकिंगचा पर्याय शोधा. यादीतून आपली बँक निवडली की बँकेचे पान उघडते. तेथे नेहमीसारखे लॉगिन करून आयकर ई-फायलिंगच्या दुव्यावर गेले की आयकर पोर्टलचा पासवर्ड न टाकता खाते उघडते. मात्र त्या खात्याशी पॅन जोडलेला असावा लागतो.

आपल्या उदाहरणातील शिक्षिकेचा आधारमधला क्रमांकही जुनाच निघाला. पण बँकेत त्यांनी नवा क्रमांक दिला होता आणि नेट बँकिंगही सुरू होते. त्या याच वाटेने आत गेल्या.

आत गेल्यावर थांबू नका

विवरणपत्र भरण्याआधी My Profile मध्ये जाऊन संपर्काचा तपशील बदला. नव्या क्रमांकावर आलेला ओटीपी टाकल्यावरच बदल नोंदला जातो. नेट बँकिंगमधून आला असाल तर जुना पासवर्ड अजून तसाच विसरलेला आहे. म्हणून बाहेर येऊन पुन्हा Forgot Password वापरा. आता ओटीपी नव्या मोबाईलवर येईल. ईमेलही आपलाच आणि चालू आहे ना, ते त्याच वेळी पाहून घ्या.

विवरणपत्र भरल्यावर 30 दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते. ती आधार ओटीपीने करायची असेल तर आधारमधला क्रमांकही चालू हवा. तो नसेल तर नेट बँकिंगमधून पडताळणी करता येते, किंवा आयटीआर-व्ही छापून, सही करून बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राला टपालाने पाठवता येते. पडताळणीच झाली नाही, तर परतावा मिळत नाही.

तिन्ही ठिकाणी जुनाच क्रमांक असेल तर

आधी बँकेच्या शाखेत जा. ओळखपत्र आणि अर्ज देऊन तेथे क्रमांक बदलता येतो. आधारमधला क्रमांक आधार सेवा केंद्रात जाऊन बदलता येतो. मोबाईल बदलण्यासाठी कागदपत्रे लागत नाहीत, बोटांचे ठसे घेतले जातात आणि थोडे शुल्क लागते. जुलैअखेरची मुदत जवळ असेल तर हे काम जूनमध्येच उरका. तरीही वाट सापडली नाही, तर ई-फायलिंगच्या 1800 103 0025 या क्रमांकावर विचारा.

जुना क्रमांक का सोडू नये?

बंद केलेला मोबाईल क्रमांक किमान 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. मग तुमचा ओटीपी परक्या माणसाच्या हातात पडतो. म्हणून सिम बदलण्यापूर्वी, जुने चालू असतानाच, बँक, आधार आणि आयकर पोर्टल या तिन्ही ठिकाणी नवा क्रमांक नोंदवा.